तार तर हवेतच आहे!

"सोनोमीटरला टांगलेलं वजन पाण्यात बुडवलं की पाणी तारेचे कंप शोषून घेतं, म्हणून सूर उतरतो. वजन जितक्या टक्क्यांनी हलकं होतं तितक्याच टक्क्यांनी वारंवारता घटते. आणि वजन जड असेल तर सूर जास्त उतरतो."

असं स्पष्टीकरण दिलं जातं, पण त्यातले तिन्ही मुद्दे तपासायला हवेत. सोनोमीटर म्हणजे पेटीवर ताणलेली तार, जिच्या टोकाला कप्पीवरून वजन टांगलेलं असतं. पहिल्या मुद्द्यासाठी एकदा तारेकडे बघा. ती तिला आधार देणाऱ्या दोन घोड्यांच्या मध्ये, हवेत कंप पावते. पाणी आहे कप्पीच्या पलीकडे, खाली बादलीत. तारेपर्यंत पोचतो तो फक्त बदललेला ताण, कारण बुडालेल्या वजनाला पाणी वर उचलून धरतं. याचा पडताळा सोपा आहे. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८ पट धरली, तर ४ किलोचं पोलादी वजन साधारण ५१३ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. म्हणजे तारेवर ३.४८७ किलोचाच भार उरतो. आता पाणी काढून टाका आणि ३.४८७ किलोचंच वजन कोरडं टांगा. सूर तोच येतो. शोषायला पाणीच नसताना!

दुसऱ्या मुद्द्यात वर्गमूळ विसरलं गेलंय. वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. अर्ध्या मिलिमीटर व्यासाची पोलादी तार घ्या, ४ किलो टांगा, घोड्यांमधलं अंतर ३१.३ सेंटिमीटर ठेवा. २५६ हर्ट्झच्या नादकाट्याशी तार जुळते आणि तिच्यावर दुमडून ठेवलेला कागदाचा तुकडा, म्हणजे स्वार, उडून पडतो. वजन पूर्ण बुडवलं की ताण सुमारे १२.८ टक्के कमी होतो, पण वारंवारता २३९ वर थांबते, म्हणजे घट ६.६ टक्केच. २५६ ला सा मानलं तर हा सूर मंद्र सप्तकातल्या शुद्ध निषादाला जवळजवळ लागून येतो. गाणाऱ्याला तो आकडा न बघताही ओळखता येईल. तोच नादकाटा पुन्हा जुळवायचा तर अंतर २९.२ सेंटिमीटर करावं लागतं.

तिसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. ४ किलोला १७ हर्ट्झ उतरतात, १ किलोला (मूळ १२८ हर्ट्झ) साडेआठच. पण कानाला दोन्ही वेळा उतार सारखाच वाटतो, कारण गुणोत्तर एकच आहे. ते ठरतं घनतेवरून. ॲल्युमिनियमचं भरीव वजन घेतलं तर २५६ वरून थेट २०३ च्या आसपास, कोमल धैवतापाशी घसरगुंडी होते.

प्रयोगात घट कमी आली, तर आधी कप्पी तपासा. वजन पाण्यात सोडताना तार मागे सरकू पाहते आणि कप्पीचं घर्षण तिला अडवतं, म्हणून तारेत जुना ताण थोडा अडकून राहतो. वजन जरा वर उचलून सोडा आणि वारंवारता मोजा. मग जरा खाली ओढून सोडा, पुन्हा मोजा. दोन्ही वेळा वेगळं उत्तर आलं तर दोष कप्पीचा. उलट घट जास्तच आली, तर वजन बादलीच्या तळाला टेकलंय का किंवा त्याच्या खाचेत हवेचे बुडबुडे अडकलेत का, ते वाकून बघा.