लाल दिवा, घूं आणि मध्येच गायब होणारा बेस: एका प्रतिक्रियेला उत्तर

साउंडबारशी वायरलेस वूफर जुळत नसेल, तर वूफरच्या मागचं बटण दाबा, या सल्ल्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"मागचं बटण दाबा म्हणे! राजेंद्रनगरला आमच्याकडे तीनदा दाबून झालं, वूफरचा दिवा लालच. एकदा जुळला, तर पिक्चरच्या मध्येच आवाज गेला. वर घूं असा आवाज वेगळाच. बटणानं सगळं होत असतं तर दुरुस्तीवाले कशाला हवेत?"

अहो, तुम्ही बटण दाबलंत तेव्हा साउंडबार चालू होता का, हे आधी बघा. मागे ID SET लिहिलेल्या बहुतेक वूफरांत तिथेच गाडी अडते. बार रिमोटनं बंद करा, पण दोन्हींचे प्लग लावलेलेच राहू द्या. वूफरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून ५ सेकंद दाबून धरा, निळा दिवा भराभर लुकलुकेल. लगेच रिमोटचं वरच्या बाणाचं बटण ५ सेकंद दाबून धरा. बारच्या पडद्यावर ID SET दिसेल, बार आपोआप सुरू होईल आणि निळा दिवा स्थिर होईल. जुन्या रिमोटवर बटण वेगळं असू शकतं, ते पुस्तिकेत सापडेल. बार बंद असताना लाल दिवा म्हणजे फक्त विश्रांती, बिघाड नव्हे. लाल-निळे दोन्ही लुकलुकले, तर मात्र सर्व्हिस सेंटर गाठा.

मध्येच आवाज जातो, त्याचं कारण बहुधा जागा. वूफर बारपासून दीड-दोन मीटरवर, मध्ये काही न ठेवता मोकळा ठेवून भरपूर बेसचं गाणं लावा. (बातम्यांवर तपासू नका, माणसाच्या बोलण्यात वूफरला फारसं काम नसतं.) तिथे नीट वाजला, तर लोखंडी कपाट किंवा भिंत आड येत होती. तिथेही तुटला, तर वायफायचा राउटर दहा मिनिटं बंद करून पाहा. टीव्हीखालच्या कपाटात बार आणि राउटर शेजारी असतील, तर त्यांच्यात निदान एक मीटर अंतर करा. राउटर बंद असूनही तुटत असेल, तर दोष बहुधा वूफरच्या किंवा बारच्या वायरलेस बोर्डात आहे. मग पुन्हा पुन्हा जोडून उपयोग नाही.

घूं वेगळी गोष्ट आहे, जोडणीचा आणि तिचा संबंध असेलच असं नाही. बार बंद करा, दिवा लाल होऊ द्या आणि वूफरला कान लावा. तरी घूं येत असेल, तर ती बहुधा विजेकडून येतेय. एक्स्टेंशन काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. लाइट गेल्यावर, इन्व्हर्टरवरच घूं येत असेल, तर इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा आहे का ते बघा. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ती सहसा जाते. भिंतीवरही घूं कायम असेल, तर आतला कपॅसिटर किंवा अँप्लिफायर संशयित. इथे तुमचं खरं, दुरुस्तीवाला लागेलच. घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते.

बार चालू असतानाच घूं येत असेल, तर बारच्या सगळ्या केबल काढून फोनवरून ब्लूटूथनं गाणं लावा. घूं गेली, तर केबल एकेक परत लावत जा. जी लावताच ती परत येईल, तिथेच दोष. सेट-टॉप बॉक्सकडून आलेली केबल आधी तपासा.