लिटरमागे नफा काढायचा तर आजचं दूध धरू नका, अख्खं वेत धरा

दूधधंद्याचा हिशोब बहुतेक जण भरल्या दुधाच्या गाईसमोर उभं राहून करतात. माझं म्हणणं असं की तो हिशोब गाय भाकड असताना करायला घ्यावा. मग आकडे खरे बोलतात.

चार गाईंचा छोटा गोठा घेऊ आणि त्यातली एक गाय धरू. आपण सगळा खर्च पैशांऐवजी लिटर दुधात मोजू, कारण दुधाचा दर आणि पेंडेचा दर दोन्ही हलत राहतात. खुराकाचा एक किलो म्हणजे पाऊण लिटर दुधाची किंमत, हिरवा-वाळला चारा मिळून दिवसाला दीड लिटर, आणि आठ तासांची मजुरी म्हणजे १२ लिटर, असं समजा. तुमच्याकडचं प्रमाण वेगळं असेल तर तेच घाला, रीत बदलत नाही.

व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांनी गाय १४ लिटरवर असते. शरीरपोषणाला दीड किलो खुराक आणि दर अडीच लिटरमागे एक किलो, म्हणजे सात किलोच्या आसपास. त्याचे सव्वापाच लिटर, चाऱ्याचे दीड. १४ मधून पावणेसात गेले, सव्वासात उरले! ‘अर्धा पैसा सुटतो’ हे वाक्य इथूनच निघतं.

आता अख्खं वेत बघा. एका वितापासून दुसऱ्या वितापर्यंत ४०० दिवस, त्यात एकूण दूध ३००० लिटर. त्यातलं २०० वासराने प्यायलं, म्हणजे विकलं २८००. खुराक लागला सुमारे १८६० किलो, कारण भाकड दिवसांतही तो बंद होत नाही आणि शेवटच्या दोन महिन्यांत पोटातल्या वासरासाठी थोडा वाढवावाच लागतो. त्याचे झाले १४०० लिटर आणि चाऱ्याचे ६००. एकूण २०००. उरले ८००.

मजुरीवर हमखास वाद होतो. ‘घरचीच माणसं आहेत, ती कशाला धरायची?’ का नाही धरायची? तीच माणसं दुसरीकडे कामाला गेली असती तर फुकट गेली असती का? चार गाईंना रोज पाच तास गेले तर एका गाईच्या वाट्याला सव्वा तास येतो, ४०० दिवसांत ५०० तास. त्याची मजुरी ७५० लिटर. म्हणजे हातात राहिले ५०.

डॉक्टर, लसी, जंतनाशक आणि रेतन मिळून १५० धरा. गाईची झीजही धरायची: ती २००० लिटरच्या किमतीला घेतली, पाच वेतांनी काढून टाकताना २५० आले, तर वेताला ३५० झाले. शेणखत आणि वासराचे २५० परत मिळाले. शेवटी राहतात उणे २००. विकलेल्या लिटरमागे दराच्या सात टक्के तोटा. घरची मजुरी धरली नाही तर तोच हिशोब ५५० लिटर, म्हणजे लिटरमागे २० टक्के नफा दाखवतो. पण ५०० तासांचे ५५० लिटर म्हणजे तासाला १.१, आणि बाहेर तासाला दीड मिळतं. हा नफा नव्हे, कमी दराची मजुरी आहे. (वीज, पाणी, गोठ्याची डागडुजी मी धरलेलीच नाही.)

तोटा दिसला की पहिली कुऱ्हाड खुराकावर पडते. दूध देण्याची ताकद असलेल्या गाईचा एक किलो कापला तर पाऊण लिटर वाचतो आणि दूध अडीच लिटरपर्यंत घटू शकतं. आटत आलेल्या गाईला मात्र भरल्या दुधाचं माप चालू ठेवणं ही उधळपट्टीच. म्हणून दर महिन्याला एक दिवस प्रत्येक गाईचं दूध वेगळं मोजा आणि खुराक त्यावर लावा.

त्याहून मोठं भोक माजाचं. माज २१ दिवसांनी येतो. एक हुकला की बाकीचं सगळं तेवढंच मागे सरकतं आणि वेताला २१ रिकामे दिवस जोडले जातात. भाकड दिवसाचा खुराक, चारा आणि मजुरी मिळून साडेचार लिटर, म्हणजे एका हुकलेल्या माजाला जवळपास ९५ लिटर. वर्षभराच्या दवाखान्याशी हा आकडा ताडून बघा. म्हणून पहाटे आणि रात्री, गोठा शांत असताना, सोट आणि दुसऱ्या गाईवर चढणं बघायला वेळ काढा.

दगडीचंही तसंच. बिल औषधाचं दिसतं, पण उपचाराचे दिवस आणि औषधाच्या लेबलवर लिहिलेला दूध न विकण्याचा काळ मिळून सात दिवस झाले आणि गाय १० लिटरची असली, तर ७० लिटर ओतून गेलं. वहीत औषधाच्या रकान्याशेजारी फेकलेल्या दुधाचा रकाना ठेवा, आणि त्याच्या शेजारी व्यायल्याची, रेतनाची व आटवल्याची तारीख.