बिंदुप्रभार, शून्य डायव्हर्जन्स आणि डेल्टा फलन: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

"बिंदुप्रभाराच्या क्षेत्राचं डायव्हर्जन्स स्वतः काढून बघा, सगळीकडे शून्य येतं. म्हणजे प्रभारघनताही सगळीकडे शून्य, तरी फ्लक्स मात्र q/ε₀. डिफरन्शियल रूपातला गाउसचा नियम बिंदुप्रभाराला लागूच पडत नाही. हे झाकायला r = 0 ला 'अनंत' लिहिलं आणि त्याला डेल्टा फलन असं नाव दिलं."

चूक "सगळीकडे" या एका शब्दात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. क्षेत्र त्रिज्येच्या दिशेने असेल तर डायव्हर्जन्सचं (अपसरणाचं) सूत्र असं असतं:

∇·E = (1/r²) d(r²E_r)/dr

E_r = q/(4πε₀r²) ठेवलं की r² ला r² जातो, कंसात स्थिरांक उरतो आणि त्याचं विकलन शून्य येतं. आकडेमोड बरोबर आहे. पण r² ने r² ला भागताना r शून्य नाही हे आपण गृहीत धरलेलं असतं. आरंभबिंदूवर क्षेत्राला किंमतच नाही, मग तिथे विकलन कशाचं करणार? तेव्हा हाती आलेलं उत्तर "आरंभबिंदू सोडून सगळीकडे शून्य" एवढंच आहे, आणि प्रभार नेमका त्या सोडलेल्या बिंदूवर बसलेला आहे. डायव्हर्जन्स प्रमेय मोडल्यासारखं वाटतं तेही यामुळेच. त्या प्रमेयाची अट अशी की क्षेत्र आतल्या संपूर्ण भागात सुरळीत असलं पाहिजे. इथे ती अट पाळलेली नाही.

आता डायव्हर्जन्सचा मूळ अर्थ घ्या: छोट्या घनफळातून बाहेर पडणारा फ्लक्स भागिले ते घनफळ. प्रभाराभोवती R त्रिज्येचा गोल घेतला तर फ्लक्स q/ε₀, घनफळ 4πR³/3. R कमी करत गेलो की घनफळ आक्रसतं, फ्लक्स मात्र जराही कमी होत नाही. हे गुणोत्तर शून्याकडे जात नाही, ते कुठल्याच मर्यादेत राहत नाही.

व्यस्तवर्गाचं हे वागणं किती खास आहे ते घातांक किंचित बदलला की कळतं. समजा क्षेत्र 1/r^1.9 प्रमाणे कमी होतं. मग गोलातून जाणारा फ्लक्स r^0.1 प्रमाणे बदलेल: बाहेर जाताना वाढेल, आत येताना शून्याकडे जाईल. अशा क्षेत्राचा स्रोत अवकाशभर पसरलेला असतो आणि केंद्रबिंदूवर काहीच साठलेलं नसतं. घातांक बरोबर २ असेल तर मात्र कुठल्याही दोन गोलांमधल्या कवचात स्रोत नसतो आणि तरीही कितीही लहान गोलातून तेवढाच फ्लक्स बाहेर पडतो. म्हणजे सगळा स्रोत एका बिंदूत आहे. दाव्यात ज्याला विरोधाभास म्हटलंय, ती खरं तर बिंदुप्रभाराची ओळख आहे.

"अनंत लिहिलं" या भागाला जास्त जागा देतो, कारण हा गैरसमज अनेक वर्गांमध्ये शिकवतानाच रुजतो. एका बिंदूवर अनंत आणि बाकी सगळीकडे शून्य, एवढ्याने डेल्टा ठरत नाही. तसं असतं तर δ आणि 2δ यांत फरकच राहिला नसता, आणि एक कुलॉम व दोन कुलॉम प्रभार एकच ठरले असते. शिवाय एका बिंदूचं घनफळ शून्य असल्यामुळे तशा फलनाचं संकलनही शून्यच येतं. डेल्टाची ओळख संकलनातून होते.

यासाठी एक उदाहरण पूर्ण करून पाहू. प्रभार बिंदूत न ठेवता a एवढ्या लांबीच्या आसपास पसरवा आणि क्षेत्र असं घ्या:

E_r = (q/4πε₀) · r/(r²+a²)^(3/2)

हे r = 0 ला सुरळीत आहे, तेव्हा डायव्हर्जन्स बिनधास्त काढता येतं. त्यातून घनता मिळते:

ρ = 3qa² / [4π(r²+a²)^(5/2)]

R त्रिज्येच्या गोलात मावणारा प्रभार qR³/(R²+a²)^(3/2) येतो. q एक नॅनोकुलॉम आणि R एक सेंटिमीटर धरा. a सुद्धा एक सेंटिमीटर असेल तर गोलात जेमतेम ३५ टक्के प्रभार असतो. a एक मिलिमीटर केला की ९८.५ टक्के, आणि ०.१ मिलिमीटर केला की ९९.९८ टक्क्यांहून जास्त. या शेवटच्या पायरीत केंद्रातली घनता हजारपट वाढते, एक सेंटिमीटरवरची घनता सुमारे शंभरपट घटते, आणि पूर्ण अवकाशातली बेरीज मात्र दर वेळी q च राहते. δ³ हे चिन्ह याच प्रवासाचं टोक आहे. त्याचं एकक दर घनमीटर असं आहे, म्हणूनच ρ = qδ³(r) मध्ये एककं जुळतात.

आता "झाकायला" या आरोपाकडे येतो. डेल्टा बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो कुलॉमच्या क्षेत्रातूनच निघतो. कुठलंही सुरळीत फलन f घ्या, जे दूरवर शून्य होतं. ∇·E ला f ने गुणून संकलन करायचं, तर खंडशः संकलनाने विकलन f वर ढकलता येतं. म्हणजे −∫E·∇f dV हाच ∇·E चा अर्थ मानायचा. E सुरळीत असेल तिथे तो जुन्या अर्थाशी तंतोतंत जुळतो. आता बिंदुप्रभाराचं क्षेत्र घाला. घनफळाच्या घटकात r² असतो, तो क्षेत्रातल्या 1/r² ला खाऊन टाकतो. उरतं ते एवढंच:

−(q/4πε₀) ∫dΩ ∫₀^∞ (∂f/∂r) dr = (q/ε₀) f(0)

या आकडेमोडीत अनंत कुठेही आलं नाही. उत्तर सरळ सांगतं की ∇·E = qδ³(r)/ε₀. मला हे समीकरण फार सुंदर वाटतं, कारण 4π हा कोनांच्या बेरजेतून आपोआप येऊन कटतो. हाच 4π विसरून ∇·(r̂/r²) = δ³ असं लिहिलेलं नेहमी दिसतं. बरोबर आहे ते 4πδ³. ताळा करणं सोपं आहे: r̂/r² या क्षेत्राचा एकक गोलातून जाणारा फ्लक्स मोजा, तो 4π यायला हवा.

पॉल डिरॅक यांनी हे चिन्ह रूढ केलं आणि लोराँ श्वार्त्झ यांनी १९४० च्या दशकात त्याला वरच्यासारखा काटेकोर पाया दिला. १९५० मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं ते याच कामासाठी.

आक्षेप घेणाऱ्यांना खरी अडचण हवी असेल तर ती दुसरीकडे आहे. δ³ मुळे ∇·E ला अर्थ मिळतो, पण क्षेत्राच्या ऊर्जेत E² लागतो आणि तिथे ही युक्ती चालत नाही. वरच्या पसरलेल्या प्रभाराची ऊर्जा 3q²/(128ε₀a) येते. a शून्याकडे नेला की ती बेसुमार वाढते, आणि कुठलंही संकलन तिला आवरत नाही. मात्र गाउसच्या नियमात E चा फक्त पहिला घात येतो, त्यामुळे त्या नियमाला या अडचणीची झळ लागत नाही.