मुळे माती ‘घरून’ ठेवतात, म्हणून शून्य!

सत्र परीक्षेचे गठ्ठे आले, ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखाही गरगरून दमला. अशा वेळी प्रत्येक उत्तर वाचत बसलात तर दिवाळीची सुट्टी पेपरांतच जायची. तेव्हा पेपर न वाचता तपासण्याची ही रीत शिकून घ्या.

पहिलं म्हणजे नमुना उत्तर आधी लिहून ठेवू नका. ‘खारफुटीचे दोन उपयोग लिहा’ या दोन गुणांच्या प्रश्नाला कोणते मुद्दे धरायचे हे एकदा कागदावर आलं, की मग ते मोजावे लागतात. न लिहिता बसलात, तर पान बघून मनाला येईल तो आकडा देता येतो.

आता रत्नागिरीकडच्या पाचवीतल्या एखाद्या पोराचा पेपर घ्या. लिहिलंय: ‘रवारफुटिची मुळे माती घरून ठेवतात. मासांची पिले तिते वाडतात.’ ओळी खाडीतल्या होड्यांसारख्या हेलकावतायत. वाचलंत तर फसाल, कारण दोन्ही मुद्दे बरोबर आहेत: मुळं माती धरून ठेवतात आणि माशांची पिल्लं तिथं वाढतात. म्हणून वाचू नका. ‘घरून’ला लाल गोल करा आणि मुळं माती घरून आणतात की काय, असा विनोद वर्गात करा.

हा ‘घ’ आला कुठून, याचा शोध तर मुळीच नको. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. जो मुलगा अक्षरं आधी काढून वरची रेघ शेवटी एका दमात ओढतो, त्याचा ‘ध’ सहज ‘घ’ होतो आणि ‘भरती’ची ‘मरती’ होते. ‘ख’चे दोन भाग जरा सुटले की ‘रव’. हे कळलं, की त्याच पेपरात ‘धरण’चं ‘घरण’ आणि ‘धान्य’चं ‘घान्य’ दिसायला लागतं. मग ही ज्ञानातली चूक नव्हे, हातातली एकच खोड आहे, असं मान्य करावं लागतं. एक खोड सात ठिकाणी दिसली, तर सातदा गुण कापणं हेच शिस्तीला धरून.

गणितात तर सोन्याहून पिवळं. ‘एका पेटीत ३६ हापूस, तर ५ पेट्यांत किती?’ पोरानं लिहिलं: ६३ × ५ = १८०. चूक! पुढचा प्रश्न! जरा थांबून ६३ ला ५ नं गुणलंत तर ३१५ येतात, आणि १८० येतात ते ३६ ला गुणल्यावर. म्हणजे डोक्यात ३६ च होते, गुणाकारही बरोबर, फक्त आकडे उलटे उतरले. त्यात ३ आणि ६ हे एकमेकांचे आरशातले चेहरे, आणि ‘छत्तीस’ म्हणताना सहा आधी ऐकू येतो, तीस नंतर. पोराच्या आणि तुमच्या नशिबात छत्तीसचाच आकडा, त्याला कोण काय करणार?

समजा त्यानं ३१५ लिहिले असते, तर उतरवण्याचा एक गुण कापून रीतीचे आणि गुणाकाराचे द्यावे लागले असते. तुम्ही मात्र एकाच चुकीसाठी तिन्ही कापा.

टापटिपीसाठी शेवटी वेगळी चौकट असली आणि तिथे पाचांतला एक दिलात, तरी हात आखडू नका. परिसर अभ्यासातही कापा, गणितातही कापा. शुद्धलेखन हा मराठीच्या पेपरातला प्रश्न आहे आणि तिथं ‘घरून’चा गुण जायलाच हवा, हे खरं. पण शिक्षा एकाच जागी झाली, तर मुलाला ती लक्षात कशी राहणार?

पेपर तपासताना एकेका मुलाचा अख्खा तपासा. सगळ्यांचा तिसरा प्रश्न, मग सगळ्यांचा चौथा, ही खुळी पद्धत आहे. त्यात पहिल्या पानावरच्या गिचमिडीचा राग पुढच्या पानापर्यंत टिकत नाही, आणि मोत्यासारख्या अक्षरात ‘खारफुटीची मुळे माती वाहून नेतात’ असं लिहिणारीचे दोन गुण उगाच धोक्यात येतात.

एकच अडचण उरते. कधी उत्तरच दुभंगतं. ‘बर्फाची अवस्था?’ याला ‘धन’ लिहिलं, तर तिथं ‘घन’शिवाय दुसरं काही बसत नाही, म्हणून गुण द्यावा लागेल. पण कुठे दोन अर्थ खरंच बसत असले, तर पोराला बोलावून ‘हे वाचून दाखव रे’ एवढंच म्हणायची काही बाईंना सवय असते. त्या ‘तुला धरून म्हणायचंय ना?’ असंही सुचवत नाहीत, नुसत्या ऐकतात. आणि पोरगं बोट ठेवून घडाघडा वाचतं, ‘मुळे माती धरून ठेवतात.’ तुम्ही अशा वेळी बाहेर पाऊस बघत राहा. ऑक्टोबरात नसला तरी बघा.