9 आला कुठून?

“सर, वर्कशीटमधल्या सहाव्या गणिताचं उत्तर वाचून चिडचिड झाली. x³ + y³ = 2020 ला पूर्णांकांत उकल नाही, हे तुम्ही ‘9 ने भागून बाकी पाहा’ म्हणत दोन ओळींत उरकलंत. पण 9च का? हा 9 काय आकाशातून पडला? परीक्षेत मुलाला तो कसा सुचणार?”

तक्रार रास्त आहे. कच्च्या वहीत मी आधी 5 घेऊन पाहिला होता आणि फसलो होतो. पक्कं लिहिताना ते पान गाळलं, आणि नेमकं तिथेच तुमचं उत्तर होतं.

आपल्याला असा भाजक हवा, की ज्याने भागल्यावर घनांच्या बाक्या मोजक्याच उरतील. बाक्या कमी, तर दोन घनांच्या बेरजेलाही जागा कमी, आणि 2020 त्या जागांबाहेर सापडण्याची आशा जास्त. 5 घेतला तर 0, 1, 8, 27, 64 यांच्या बाक्या येतात 0, 1, 3, 2, 4. पाचही हजर, म्हणजे 5 कुणालाच अडवत नाही.

7 घेतला की चित्र पालटतं. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार, a ला 7 ने भाग जात नसेल तर a⁶ ची बाकी 1. पण a⁶ म्हणजे a³ चा वर्ग. म्हणून (a³ − 1)(a³ + 1) ला 7 ने भाग जातो, आणि 7 मूळ असल्यामुळे दोहोंपैकी एका अवयवाला तरी जातोच. थोडक्यात, घनाची बाकी 0, 1 किंवा −1 (म्हणजे 6). सगळी किमया घातांक 6 ला 3 ने भाग जातो यात आहे. 5 साठी तो घातांक 4 असतो, तिथे 3 चं काही चालत नाही.

9 साठी सिद्धांतही लागत नाही. कोणतीही संख्या 3k किंवा 3k ± 1 असते, आणि (3k ± 1)³ = 27k³ ± 27k² + 9k ± 1. शेवटचा ±1 सोडला तर प्रत्येक पदाला 9 ने भाग जातो. म्हणजे इथेही बाक्या 0, 1, −1 एवढ्याच. दोन घनांची बेरीज −2 ते 2 मध्येच राहते. 7 मध्ये ही बेरीज सातपैकी पाच जागा अडवते, 9 मध्ये नवांपैकी पाचच. म्हणून मी आधी 9 उचलतो. 2020 = 2016 + 4, बाकी 4, संपलं. (2016 ला 7 नेही भाग जातो, त्यामुळे या गणितात 7 घेतला असता तरी काम झालं असतं. तेही मी लिहायला हवं होतं.) 13 च्या बाबतीत घनांच्या बाक्या 0, ±1, ±5 येतात. पाचच, पण जोड्यांच्या बेरजा करून पाहा, तेराच्या तेरा भरतात. तेव्हा फार मोठ्या भाजकामागे लागू नये.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट, कारण मुलं इथे हमखास घसरतात. x³ + y³ = 20 घ्या. 9 ने बाकी 2, 7 ने बाकी 6. दोन्ही चालतात. म्हणून काही जण ‘उकल आहे’ असं लिहून मोकळे होतात. बाकी जुळली म्हणजे फक्त दार बंद नाही एवढंच कळलं, आत कुणी आहे की नाही ते कळलेलं नसतं.

इथे तर कोणताच भाजक उपयोगी पडणार नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडतं: 19³ + 1³ = 6860 = 20 × 7³. भाजकाला 7 ने भाग जात नसेल, तर 7r ची बाकी 1 येईल असा r मिळतो. मग 19r आणि r यांच्या घनांच्या बेरजेची बाकी 20 च्या बाकीइतकीच येते. उदाहरणार्थ 9 साठी r = 4. संख्या 76 आणि 4, दोन्हींची बाकी 4, आणि 64 + 64 = 128 ची बाकी 2, म्हणजे 20 चीच. (7 च्या पटीतले भाजकही अडवत नाहीत, पण ते थोडं लांबतं.)

मग अवयव पाडायचे. x + y = s आणि xy = p धरा, म्हणजे s(s² − 3p) = 20. दुसरा अवयव x² − xy + y² आहे, तो ऋण होत नाही, म्हणून s धन आणि 20 चा विभाजक. s = 1, 4, 10 घेतल्यास p पूर्णांक येत नाही. s = 5 ला p = 7 आणि s = 20 ला p = 133, पण दोन्हीकडे s² − 4p ऋण. उरला s = 2: p = −2, आणि (x − y)² = s² − 4p = 12. 12 हा पूर्ण वर्ग नाही.

हे गणित आता वर्कशीटमध्ये सहाव्याच्या लगेच खाली घातलंय, आणि सहाव्याच्या उत्तरात 5 ची फसलेली ओळही परत आणली आहे.