बातमी खालून आता वाचकच कापतो

"उलटा पिरॅमिड ही तारायंत्राच्या काळातली सक्ती होती. वेबवर जागेची टंचाई नाही, खालचे परिच्छेद कुणी उडवत नाही. वाचक टिकवायचा असेल तर मुद्दा शेवटी ठेवा आणि प्रत्येक बातमी गोष्टीसारखी सांगा."

वेबसाठी बातमी लिहिणाऱ्यांना हा सल्ला ऐकायला मिळतो. उलटा पिरॅमिड म्हणजे सर्वांत महत्त्वाचं वर आणि बाकीचं उतरत्या महत्त्वाने खाली, अशी बातमीची रचना. मला हा सल्ला पटत नाही. आधी तारायंत्राचं पाहू. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली. असोसिएटेड प्रेसचे वार्ताहर लॉरेन्स गोब्राइट यांनी लगेच एका वाक्याची तार केली: अध्यक्षांवर नाट्यगृहात गोळी झाडली, जखम बहुधा प्राणघातक. त्यानंतर त्यांनी पाठवलेली सविस्तर बातमी मात्र अशी सुरू होते: लिंकन पत्नीसह नाटक पाहायला गेले, जनरल ग्रँटही येणार असं छापून आलं होतं पण ते न्यू जर्सीच्या गाडीने निघून गेले, नाट्यगृह खचाखच भरलं होतं. पिस्तुलाचा आवाज येतो तो त्यानंतर, तिसऱ्या अंकात. म्हणजे तारेवरूनही घटनाक्रमाने सांगितलेली बातमी जात होती. उलटा पिरॅमिड अमेरिकी वृत्तपत्रांची रोजची रीत झाला तो त्यानंतर काही दशकांनी. त्याचं सगळं श्रेय तारेला देता येत नाही.

जागेच्या मुद्द्यात मोठी गल्लत आहे. उपसंपादक कापत नसेल, पण वाचक कापतो. कुणी नोटिफिकेशनची एक ओळ वाचतो, कुणी मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर थांबतो, कुणी वरच्या दोन परिच्छेदांचा स्क्रीनशॉट गटात टाकतो. समजा, धरणातून संध्याकाळी सहाला विसर्ग वाढवणार आहेत. बातमी "पाणलोट क्षेत्रात रविवारपासून पावसाचा जोर कायम आहे" अशी सुरू झाली आणि वेळ चौथ्या परिच्छेदात आली, तर नदीकाठी गाडी लावलेल्या माणसापर्यंत ती पोचत नाही. इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, विसर्ग कधी वाढणार, कुठल्या नदीत, काठच्या लोकांनी काय करायचं आणि हे कुणी सांगितलं, एवढं हवं. दुसऱ्या परिच्छेदात किती क्युसेक आणि कोणते पूल बंद. तिसऱ्यात धरणातला साठा. पावसाची आकडेवारी आणि बैठकीला कोण होतं, हे सर्वांत खाली.

उतरत्या महत्त्वाने रचलं की काम झालं, असं मात्र नाही. खालून एकेक परिच्छेद झाकत जा आणि उरलेलं वाचा. ते अपुरं वाटलं तरी चालेल, खोटं पडता कामा नये. इथेच ही रचना सर्वाधिक फसते. एखाद्यावर गैरव्यवहाराचा आरोप इंट्रोत आणि त्याचा इन्कार नवव्या परिच्छेदात असेल, तर अर्ध्या वाचकांच्या लेखी तो माणूस दोषी ठरलेला असतो. इन्कार वरच्या दोन-तीन परिच्छेदांतच हवा, मग तो बातमीमूल्याच्या हिशेबात कितीही किरकोळ वाटो.

गोष्टीसारखं लिहिण्याला माझा विरोध नाही. कधी लिहायचं, एवढाच प्रश्न आहे. २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये केनेडींच्या ताफ्यावर गोळीबार झाला, तेव्हा यूपीआय या वृत्तसंस्थेच्या मेरिमन स्मिथ यांनी गाडीतल्या फोनवरून काही मिनिटांत बातमी दिली. तीन गोळ्या, केनेडींचा ताफा, आज, डॅलस. त्या क्षणी दुसरी कुठलीही सुरुवात चुकीची ठरली असती. सोमवारी, २५ तारखेला, दफनविधी होता. तोवर काय घडलं हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. पत्रकार जिमी ब्रेस्लिन यांनी त्या दिवसाच्या लेखाची सुरुवात आर्लिंग्टनच्या दफनभूमीत खड्डा खणणाऱ्या क्लिफ्टन पोलार्ड या कामगारापासून केली. ताशी ३.०१ डॉलर मजुरीवर तो हे काम करत होता. इथे पिरॅमिड सोडणं बरोबर होतं, कारण वर ठेवण्याजोगी नवी बातमी उरलीच नव्हती. आणि ब्रेस्लिन यांनी वाचकापासून काही लपवलंही नव्हतं. "शेवटी ठेवा" या सल्ल्यात नेमकं हेच सुटतं.

घटना ताजी आहे आणि ती कशी घडत गेली हेही महत्त्वाचं आहे, अशा वेळी दोन्ही जोडता येतं. बोट उलटली, तर वर किती बुडाले, किती वाचले, शोध कुठे सुरू आहे, हे तीन-चार परिच्छेदांत संपवायचं. मग एक सांधा: "वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलेला घटनाक्रम असा." तिथून पुढे बोट धक्क्यावरून सुटल्यापासून क्रमाने सांगायचं. या रचनेला वाळूच्या घड्याळाची रचना म्हणतात. सांध्यात घटनाक्रम कुणाच्या तोंडचा आहे ते लिहिलं नाही, तर प्रवाशांचं म्हणणं सिद्ध झालेलं सत्य म्हणून छापलं जातं. आणि खालच्या भागात बळींचा आकडा बदलला, तर वरचाही त्याच वेळी बदलावा लागतो. रात्रीच्या पाळीत हेच बहुधा राहून जातं.