छोटी बाजू सरकवली की नेमकं काय सुटतं?

> ‘कंटेनर विथ मोस्ट वॉटर’चं टू-पॉइंटर उत्तर म्हणजे निव्वळ ग्रीडी जुगाड आहे. छोटी बाजू आत सरकवली की तिच्या बाकीच्या जोड्या न तपासताच सुटतात, आणि मोठं उत्तर त्यातच असू शकतं. मध्येच क्षेत्रफळ कमी होतं तरी कोड पुढे जातो, म्हणजे दिशाच चुकते. दोन्ही उंची सारख्या आल्या तर कुठली सरकवायची, याला काही आधार नाही. टेस्ट केसेस पास होतात म्हणून चालतंय, एवढंच. खात्री हवी असेल तर सरळ दोन लूप लावा.

आधी प्रश्न काय आहे ते बघू. लीटकोडवरचा हा अकरावा प्रश्न. एकेका एककाच्या अंतरावर उभ्या रेघा आहेत आणि प्रत्येकीची उंची अ‍ॅरेत दिलेली आहे. त्यातल्या दोन रेघा निवडायच्या आणि त्यांच्यामध्ये जास्तीत जास्त किती पाणी मावेल ते सांगायचं. पाणी ठेंगण्या रेघेच्या उंचीपर्यंतच चढतं, त्यापुढे सांडतं. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे दोघींमधलं अंतर गुणिले दोघींपैकी कमी उंची. मधल्या रेघा पाणी अडवत नाहीत आणि जागाही खात नाहीत. ज्या कोडबद्दल वाद आहे तो हा:

```python
def max_area(h):
    l, r = 0, len(h) - 1
    best = 0
    while l < r:
        best = max(best, (r - l) * min(h[l], h[r]))
        if h[l] < h[r]:
            l += 1
        else:
            r -= 1
    return best
```

जोड्या न तपासता सुटतात हे खरंच आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळा वेग तिथूनच येतो. फक्त कुठल्या सुटतात ते बघायला हवं. प्रश्नासोबतचंच उदाहरण घेऊ: `[1, 8, 6, 2, 5, 4, 8, 3, 7]`. इंडेक्स ० पासून मोजतो. सुरुवातीला डावा पॉइंटर रेघ ० वर आहे, उंची १. उजवा रेघ ८ वर आहे, उंची ७. अंतर ८, पाणी १ पर्यंत, म्हणून क्षेत्रफळ ८. आता रेघ ० दुसऱ्या कुठल्याही रेघेशी जोडून बघा. समोरची रेघ शंभर फूट उंच असली तरी पाणी १ च्या वर जाणार नाही, कारण ते रेघ ० वरूनच सांडेल. आणि समोरची रेघ आता आतली असल्यामुळे अंतर फार तर ७. म्हणजे रेघ ० च्या उरलेल्या सातही जोड्यांचं क्षेत्रफळ ७ किंवा त्याहून कमी असणार. हे सांगायला मधल्या एकाही रेघेची उंची बघावी लागली नाही. ८ मिळवून देणारी जोडी आपण मोजून ठेवली आहे, तेव्हा रेघ ० चं काम संपलं.

हेच कुठल्याही पायरीला लागू पडतं. डावी रेघ ठेंगणी किंवा बरोबरीची असेल आणि `k` ही आतली कुठलीही रेघ असेल, तर

```
(k - l) * min(h[l], h[k]) <= (k - l) * h[l] <= (r - l) * h[l]
```

शेवटची राशी म्हणजे आत्ताच मोजलेलं क्षेत्रफळ. उंचीवर मर्यादा डाव्या रेघेची आहे आणि रुंदी तर कमीच होणार आहे. वाढायला वावच कुठे आहे? उजवी ठेंगणी असेल तर हेच उलट बाजूने.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की आतल्या रेघांचं ठीक आहे, पण डावी रेघ उजव्या पॉइंटरच्या *बाहेर* राहिलेल्या रेघेशी जोडली तर? तिथे रुंदी जास्त आहे. मूळ आक्षेपात हा मुद्दा नाही, पण खरी कसोटी इथेच आहे. उदाहरणात दुसऱ्या पायरीवर पॉइंटर रेघ १ (उंची ८) आणि रेघ ८ (उंची ७) वर असतात. अंतर ७, क्षेत्रफळ ४९. रेघ ८ ठेंगणी, म्हणून उजवा पॉइंटर आत येतो. पुढे कधीतरी रेघ २ (उंची ६) चा विचार करताना वाटेल की ती रेघ ८ शी जोडली असती तर? अंतर ६, उंची ६, क्षेत्रफळ ३६. हा आकडा लहान नाही आणि कोडने तो कधीच काढलेला नाही. पण रेघ ८ बाहेर गेली तेव्हाच तिचा निकाल लागला होता: तिच्यासोबत पाणी फार तर ७ चढणार आणि अंतर फार तर ६ राहणार, म्हणजे ४२ च्या वर काहीच नाही. तेव्हा हातात ४९ होते. बाहेर राहिलेली प्रत्येक रेघ अशीच बाहेर गेलेली असते. त्या क्षणी ती ठेंगणी किंवा बरोबरीची होती, तेव्हाच्या जोडीत ती मोजली गेली आणि आतल्या सगळ्यांबरोबरच्या तिच्या जोड्या त्या एका मोजणीखाली आल्या. म्हणून दोन पॉइंटर कुठेही असोत, ज्या जोडीची एक जरी रेघ त्यांच्या बाहेर आहे, ती एकतर मोजलेली असते किंवा मोजलेल्या एखाद्या जोडीपेक्षा मोठी नसते. पॉइंटर एकत्र आले की बाहेर नाही अशी जोडीच उरत नाही.

उंच बाजू सरकवली असती तर? याच अ‍ॅरेवर करून बघा. रेघ ० कायम ठेंगणीच राहते, म्हणून उजवा पॉइंटर आत येत येत रेघ १ पर्यंत पोचतो. क्षेत्रफळं ८, ७, ६ अशी उतरत १ वर येतात आणि उत्तर मिळतं ८. खरं उत्तर ४९. म्हणजे कुठली बाजू सरकवायची हा पसंतीचा प्रश्न नाही.

दिशेच्या आक्षेपामागे गैरसमज असा आहे की हा कोड टेकडी चढतोय. तो चढत नाही. पुढची जोडी मोठी असेल का, हे तो विचारतच नाही. कुठल्या रेघेचं काम संपलं, एवढंच विचारतो. उदाहरणातल्या आठ पायऱ्यांवर क्षेत्रफळं येतात ती अशी: ८, ४९, १८, ४०, १६, १५, ४, ६. सर्वांत मोठा आकडा `best` मध्ये बसलेला असतो, त्यामुळे नंतरच्या घसरणीने काही बिघडत नाही. घसरणीला घाबरून थांबलात तर मात्र बिघडेल. `[1, 2, 100, 100, 2, 1]` घ्या. दोन उंच रेघा मधोमध खेटून उभ्या आहेत. ‘ग्रीडी इथे फसणार’ म्हणून असलीच उदाहरणं दिली जातात. कोडने येणारी क्षेत्रफळं: ५, ४, ६, ४, १००. दोनदा घसरण होते आणि खरं उत्तर अगदी शेवटच्या पायरीवर मिळतं.

बरोबरीला तर सर्वांत भक्कम आधार आहे. दोन्ही उंची सारख्या असतील तर वरची असमानता दोन्ही बाजूंनी लागू पडते, म्हणजे एकीचं नाही तर दोघींचंही काम संपलेलं असतं. डावी सरकवा, उजवी सरकवा, हवं तर दोन्ही एकदम सरकवा. उदाहरणात रेघ १ आणि रेघ ६ दोन्ही ८ उंचीच्या आहेत, क्षेत्रफळ ४०. आपला कोड तिथून उजवी सरकवतो आणि पुढे १६, १५, ४, ६ मिळतात. डावी सरकवली असती तर २४, ६, १०, ४ मिळाले असते. वाट वेगळी, उत्तर तेच ४९. खबरदारी म्हणून दोन्ही शाखा तपासणारं रिकर्शन मी पाहिलं आहे. सगळ्या रेघा सारख्या उंचीच्या असल्या की ते प्रत्येक पायरीला दुप्पट होत जातं आणि शेपन्नास रेघांतच मान टाकतं.

राहिल्या टेस्ट केसेस. वरच्या युक्तिवादात एकाही टेस्टचा आधार घेतलेला नाही. टेस्ट लागते ती आपल्या टायपिंगसाठी, आणि तिथे दोन लूपवालं उत्तर खरंच कामाचं आहे: आठ-दहा रेघांचे रँडम अ‍ॅरे बनवून दोन्ही उत्तरं ताडून बघा. नेहमीची चूक म्हणजे आधी पॉइंटर सरकवायचा आणि मग क्षेत्रफळ काढायचं. मग सर्वांत बाहेरची जोडी मोजलीच जात नाही. `[1, 1]` ला १ ऐवजी ० आलं तर समजा, हेच झालंय. पण अंतिम उत्तर म्हणून दोन लूप चालणार नाहीत. प्रश्नात रेघा १ लाखापर्यंत असू शकतात, म्हणजे जवळपास ५०० कोटी जोड्या. दोन पॉइंटरना लागतात ९९,९९९ पायऱ्या.

आता आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने. ही सुरक्षितता ‘छोटी बाजू सरकवा’ या वाक्यात नाही, ती सूत्रात आहे: कमी उंची घेतली जाते आणि आत आलं की रुंदी घटते. रेघा असमान अंतरावर असल्या तरी चालतं, फक्त `r - l` च्या जागी `x[r] - x[l]` येईल. पण `min` च्या जागी `max` टाका आणि सगळं कोसळतं. `[1, 1, 10, 2]` वर तोच कोड १० देतो. रेघ ० आणि रेघ २ मिळून मात्र २० होतात, कारण आता ठेंगणी रेघ कुठलीच मर्यादा घालत नाही. बेचाळिसाव्या प्रश्नात, म्हणजे साठलेल्या पावसाच्या पाण्यात, पॉइंटर असेच हलताना दिसतात. पण तिथे रेघांऐवजी जाड खांब आहेत, मधले खांब जागा खातात आणि प्रत्येकाच्या डोक्यावरचं पाणी वेगळं मोजावं लागतं. तिथलं कारण वेगळं आहे, इथला युक्तिवाद उचलून तिथे चिकटवता येत नाही.

आणि हा कोड फक्त सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाची हमी देतो. उत्तर शून्यापेक्षा मोठं असेल तर ते देणाऱ्या *सगळ्या* जोड्या त्याच्या वाटेवर येतात, कारण न मोजलेली प्रत्येक जोडी मोजलेल्या एखाद्या जोडीपेक्षा काटेकोरपणे लहान असते, किंवा मग शून्याची असते. पण पहिली तीन क्षेत्रफळं मागितली तर वाटेवरचे आकडे पुरत नाहीत. आपल्याच उदाहरणात कोडच्या यादीतून ४९, ४०, १८ निघतील. खरी यादी ४९, ४०, ३६ आहे, आणि हे ३६ म्हणजे रेघ ८ सोबत सोडून दिलेली तीच रेघ २ ची जोडी.